एक ॲप टाकल्यापासून वडिलांचा फोन सारखा बंद-चालू होतोय. दोष ॲपचा की फोनचा, हे कसं ओळखायचं?

कृष्णाकाठची · सोमवार, रात्री ९.४०

आमचे अण्णा कराडजवळ गावी असतात, मी पुण्यात. त्यांचा फोन तीन वर्षांपूर्वीचा, ३ जीबी रॅमचा, अँड्रॉइड ११. गेल्या बुधवारपर्यंत काहीही तक्रार नव्हती. गुरुवारी आतेभावाच्या नंबरवरून व्हॉट्सॲपवर `Lagna Patrika.apk` नावाची फाईल आली. घरात खरंच लग्न ठरलंय, म्हणून अण्णांनी ती उघडली आणि फोनने जे जे विचारलं त्याला होकार देत गेले. पत्रिका काही दिसली नाही. स्क्रीन पांढरी पडली, फोन गोठला आणि मिनिटभराने आपोआप बंद होऊन पुन्हा चालू झाला.

तेव्हापासून दिवसातून आठ-दहा वेळा हेच चाललंय. कधी हातात असताना, कधी नुसता टेबलावर पडलेला असताना. ते पत्रिकेचं चिन्ह आता स्क्रीनवर कुठेच नाही. शेजारच्या ओंकारने सेटिंगमध्ये जाऊन ॲपची यादी काढली, तर त्यात `Service Update` असं एक नाव आहे जे अण्णांनी कधी टाकलेलं नाही. त्यावर बोट ठेवलं की पान उघडतं न उघडतं तोच फोन पुन्हा होम स्क्रीनवर येतो.

गावातल्या दुकानदाराचं म्हणणं, फॉरमॅट मारा. पण आईच्या शेवटच्या वर्षातले फोटो त्याच फोनमध्ये आहेत, दुसरीकडे कुठेही नाहीत. त्यामुळे पुसून टाकण्याआधी मला नक्की कळायला हवं की दोष त्या ॲपचाच आहे. मला शनिवारपर्यंत गावी जाता येणार नाही, सगळं फोनवरूनच सांगावं लागेल.

नाशिककर · सोमवार, रात्री १०.०५

ताई, सेफ मोडमध्ये टाका. तिथे सगळी ॲप्स बंद होतात, नुसता फोन चालतो. तिथे नीट चालला तर दोष ॲपचा, तिथेही बंद पडला तर हार्डवेअर गेलं. सरळ हिशेब आहे.

दुरुस्तीवाला · सोमवार, रात्री १०.५०

इचलकरंजीत माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. पत्रिकेच्या आणि वाहनाच्या चलनाच्या नावाने आलेल्या अशा एपीके फाइलींचे फोन माझ्याकडे येतच असतात, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

ताई, बंद-चालू होण्याची काळजी नंतर. आत्ता, याच क्षणी अण्णांना सांगा, फोनमधून सिम काढा आणि वायफाय बंद करा. ही ॲप्स बसवताना एसएमएस वाचायची परवानगी घेतात आणि बँकेचा ओटीपी आला की तो पुढे पाठवतात. सिम साध्या बटणाच्या फोनमध्ये घाला, म्हणजे अण्णांचा नंबर चालू राहील. त्या फोनवरून किंवा शाखेत जाऊन बँकेला सांगा की नेट बँकिंग आणि यूपीआय थांबवा. खात्यातून एक रुपया जरी गेलेला दिसला तर ताबडतोब १९३० ला फोन करा.

ते झालं की मला एकच गोष्ट सांगा. फोन बंद पडतो त्याच्या अर्धा मिनिट आधी नेमकं काय झालेलं असतं? ओंकारला एक दिवस वहीत लिहायला सांगा. फोन कधीही पडतो, असं सगळेच म्हणतात. लिहिल्यावर बहुतेकदा वेळ सापडते.

कृष्णाकाठची · मंगळवार, सकाळी ८.१५

सिम रात्रीच काढलं. बँकेत अण्णा दहा वाजता जाणार आहेत. पैसे गेलेले नाहीत, पासबुक भरून घेतो.

आणि दादा, एक विचित्र गोष्ट. सिम काढल्यापासून फोन एकदाही बंद पडलेला नाही. रात्रभर चालू होता.

दुरुस्तीवाला · मंगळवार, सकाळी ९.००

विचित्र नाही, हाच धागा आहे. सिम नाही म्हणजे एसएमएस नाही. हे ॲप बहुधा एसएमएस आला की जागं होतं. जागं होऊन ते काहीतरी करायला जातं आणि त्यात फोन कोसळतो. टेबलावर पडलेला फोन आपोआप बंद व्हायचा, तेव्हा बहुतेक रिचार्जचे, बँकेचे, जाहिरातींचे मेसेज येत असणार.

पण हा झाला अंदाज. खात्री करायला सेफ मोड. संध्याकाळी करा, बँकेचं काम झाल्यावर. आधी नाही, कारण परीक्षेसाठी सिम पुन्हा घालावं लागेल.

फोन चालू असताना पॉवरचं बटण दाबून धरा, `Power off` येईल. त्यावर नुसतं टेकवू नका, बोट दाबून धरा. दोन-तीन सेकंदांनी `Reboot to safe mode` असं विचारेल, तिथे `OK`. फोन चालू झाला की खालच्या डाव्या कोपऱ्यात `Safe mode` लिहिलेलं दिसलं पाहिजे. ते दिसत नसेल तर तुम्ही सेफ मोडमध्ये नाही आणि पुढची सगळी परीक्षा व्यर्थ. काही कंपन्यांच्या फोनवर अशी दाबून धरायची सोय नसते. त्यांवर फोन पूर्ण बंद करायचा, चालू करताना कंपनीचं चिन्ह आलं की आवाज कमी करायचं बटण दाबायचं आणि लॉक स्क्रीन येईपर्यंत धरून ठेवायचं.

तीन गोष्टी अण्णांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर घाबरतील. व्हॉट्सॲप चालणार नाही, त्यामुळे तुम्हाला व्हिडिओ कॉलवर बघता येणार नाही. ओंकारच्या फोनवर बोला. होम स्क्रीनवरचं घड्याळ, हवामान वगैरे निघून जाईल, ते नंतर पुन्हा लावावं लागतं. आणि गोळ्यांच्या वेळेसाठी एखादं ॲप टाकलेलं असेल तर त्याचा गजर वाजणार नाही.

नाशिककर, तुमचं अर्धं बरोबर आहे. सेफ मोडमध्ये *सगळी* ॲप्स बंद होत नाहीत. आपण मागाहून टाकलेली तेवढी बंद होतात. फोनबरोबर आलेली चालूच राहतात, त्यांची नंतर आलेली अपडेटसुद्धा. मार्च २०२१ आठवतोय का? `Android System WebView` च्या एका बिघडलेल्या अपडेटमुळे कितीतरी लोकांचं जीमेल आणि इतर ॲप्स उघडताक्षणी बंद पडत होती. वेबव्ह्यू हा अँड्रॉइडचाच भाग, त्यामुळे सेफ मोडने तिथे काही फरक पडायचं कारण नव्हतं, आणि हार्डवेअरही ठणठणीत होतं. गूगलने नवं अपडेट दिल्यावर थांबलं. तेव्हा सेफ मोडमध्येही त्रास चालू राहिला म्हणजे हार्डवेअर गेलं, असं म्हणता येत नाही.

आजोबा_सातारा · मंगळवार, सकाळी ११.२०

माझाही फोन चार दिवसांपासून सेफ मोडमध्ये आहे. कोपऱ्यात तसंच लिहिलेलं आहे. व्हॉट्सॲप गेलं, बँकेचं ॲप गेलं. फोन बंद करून चालू केला तरी पुन्हा तेच. मी कुठलीही पत्रिका उघडली नव्हती. मलाही बँकेत जावं लागेल काय?

दुरुस्तीवाला · मंगळवार, दुपारी १.१०

आजोबा, तुमचा प्रकार वेगळा आहे, बँकेत जायची गरज दिसत नाही. फोनला नवं कव्हर घातलंय का? कव्हर घट्ट असलं किंवा बटणात घाण अडकली की आवाज कमी करायचं बटण दबलेलंच राहतं. मग प्रत्येक वेळी चालू होताना फोनला वाटतं, तुम्ही मुद्दाम बटण धरलंय. कव्हर काढा, ते बटण चार-पाच वेळा दाबून मोकळं करा आणि मग बंद करून चालू करा. ॲप्स कुठे गेलेली नाहीत, परत दिसतील.

आजोबा_सातारा · मंगळवार, दुपारी १.४५

कव्हरच होतं. नातवाने परवाच आणलेलं. सगळं परत आलं. फार उपकार झाले.

मांडवीकाठ · मंगळवार, दुपारी ३.३०

सेफ मोडवर एकदम विश्वास ठेवू नका, हे माझ्या अनुभवावरून सांगतो. मी पणजीत टॅक्सी चालवतो. भाडी मिळवायचं ॲप चालू केलं की वीस-पंचवीस मिनिटांत फोन बंद पडायचा. सेफ मोडमध्ये दिवसभर ठेवला, एकदाही पडला नाही. म्हटलं, ॲपच खराब. तीनदा काढून टाकलं, तीनदा नव्याने घातलं, आठवडाभराचा धंदा बुडाला. शेवटी बॅटरी बदलली आणि प्रश्न मिटला. ॲपला उगाच दोष दिला.

नाशिककर · मंगळवार, दुपारी ३.५०

पण बॅटरी खराब असती तर सेफ मोडमध्येही पडायला हवा होता ना?

दुरुस्तीवाला · मंगळवार, सायं. ५.१५

नाही, आणि मांडवीकाठ यांनी मोलाची गोष्ट सांगितली. सेफ मोडमध्ये त्यांचं भाड्याचं ॲप चालतच नव्हतं. जीपीएस बंद, डेटा जवळजवळ नाही, स्क्रीन विझलेली. फोनवर भारच नव्हता. थकलेली बॅटरी भार नसताना दिवसभर टिकते. भार आला की तिचं व्होल्टेज एकदम खाली जातं आणि फोन जागच्या जागी बंद होतो. दोष बॅटरीचा असतो आणि नाव येतं सगळ्यात जास्त भार टाकणाऱ्या ॲपवर.

म्हणून सेफ मोडमध्ये फोन नुसता ठेवून बघायचा नाही, त्याला कामाला लावायचं. स्क्रीनचा उजेड पूर्ण करा आणि फोनबरोबर आलेल्या कॅमेऱ्याने फ्लॅशचा दिवा लावून दहा-पंधरा मिनिटं व्हिडिओ घ्या. बॅटरी ३०-४० टक्क्यांवर असताना केलं तर अधिक चांगलं, कमजोर बॅटरी तिथे लवकर उघडी पडते. यात पडला तर आधी बॅटरी तपासा.

दुसरी एक खूण आहे, ती फार कमी लोक बघतात. सेटिंगमध्ये `About phone` च्या आत, बऱ्याच फोनवर `Status` खाली, `Up time` लिहिलेलं असतं. फोन किती तास सलग चालू आहे ते. फोन आपोआप बंद-चालू झाला की लगेच तिथे बघा. आकडा शून्यापासून सुरू झाला असेल तर फोन खरोखर पूर्ण बंद झाला होता. आकडा तसाच पुढे चालू असेल तर फोन बंद झालाच नव्हता. आतलं अँड्रॉइड तेवढं कोसळून पुन्हा उभं राहिलं. बॅटरीमुळे असं अर्धवट होत नाही.

नाशिककर · मंगळवार, सायं. ५.३०

म्हणजे शून्य आला तर बॅटरी, नाही आला तर ॲप. हे सोपं आहे.

दुरुस्तीवाला · मंगळवार, सायं. ५.४०

पहिला भाग सोडून द्या. शून्य आला तर बॅटरी असेल, मदरबोर्ड असेल, किंवा खालच्या थरातला एखादा ड्रायव्हर कोसळला असेल. फक्त आकडा पुढे चालू राहिला, तरच बॅटरीवरचा संशय निश्चिंतपणे काढता येतो.

कृष्णाकाठची · मंगळवार, रात्री ९.५५

केलं. ओंकारने सगळं वहीत लिहून घेतलं, तसंच्या तसं देते.

बँकेने दुपारी नेट बँकिंग आणि यूपीआय थांबवलं. संध्याकाळी साडेसातला सिम परत घातलं, मोबाईल डेटा बंदच ठेवला. `Reboot to safe mode` तिसऱ्या प्रयत्नात आलं, आधी दोनदा अण्णांनी बोट लवकर उचललं. कोपऱ्यात `Safe mode` दिसल्यावर मी पुण्याहून एकामागून एक दहा एसएमएस पाठवले. दहाही पोचले, फोन हलला नाही. मग स्क्रीन पूर्ण उजेडात ठेवून फ्लॅश लावून बारा मिनिटं व्हिडिओ घेतला, बॅटरी ३८ टक्के. फोन गरम झाला, पण बंद पडला नाही.

मग नेहमीसारखा चालू केला आणि मी एकच एसएमएस पाठवला, "अण्णा जेवलात का". वीस सेकंदांत फोन गोठला आणि पुन्हा चालू झाला. ओंकारने लगेच `Up time` बघितलं. दोन मिनिटांचा आकडा असायला हवा होता असं त्याला वाटलं, तिथे अकरा मिनिटं होती, म्हणजे सेफ मोडमधून बाहेर आल्यापासूनची. दुसऱ्यांदा मेसेज केला, पुन्हा तेच. आकडा पुढेच.

आता काढायचं कसं? साध्या मोडमध्ये ते पान अजूनही उघडू देत नाही.

दुरुस्तीवाला · मंगळवार, रात्री १०.२०

याहून स्वच्छ परीक्षा मी दुकानातही करत नाही. बॅटरी सुटली, कारण भाराखाली टिकली आणि आकडा पुढे चालू राहिला. मागाहून टाकलेल्या ॲपपैकीच कोणीतरी एसएमएसवर जागं होतंय, हे नक्की झालं.

पान उघडू न देण्याचं कारण असं की त्याने अण्णांकडून `Accessibility` ची परवानगी घेतलेली असणार. ही सोय दृष्टिहीन माणसांसाठी आहे. ती मिळालेलं ॲप स्क्रीनवर काय आहे ते वाचू शकतं आणि आपल्या वतीने बटणं दाबू शकतं. तुम्ही त्याचं पान उघडलं की ते स्वतःच होमचं बटण दाबतं. अँड्रॉइड १३ पासून अशा बाहेरून आणलेल्या ॲपला ही परवानगी देणं अवघड केलंय, पण अण्णांचा फोन ११ वर आहे.

म्हणूनच काढायचं कामही सेफ मोडमध्येच करायचं. तिथे ते झोपलेलं असतं, बटण दाबायला कोणी नाही. पुन्हा सेफ मोड, ॲपची यादी, `Service Update`. पान उघडल्यावर लगेच काढू नका. आधी ओंकारच्या फोनने त्या पानाचा आणि परवानग्यांचा फोटो काढून घ्या. तक्रार करायची वेळ आली तर तेवढाच पुरावा हातात राहील. पानाच्या तळाशी कुठून आलं ते बघा. प्ले स्टोअरवरून आलेलं असेल तर तिथे `App installed from Google Play Store` असं असतं.

`Uninstall` बटण फिकं असेल, दाबलं जात नसेल, तर ते फोनचं प्रशासक होऊन बसलंय. सेटिंगच्या शोधात `Device admin apps` लिहा, त्या यादीतून याची खूण काढा, मग परत येऊन `Uninstall`.

मांडवीकाठ · मंगळवार, रात्री १०.४५

पण फॉरमॅट केलं तर हे सगळं एका झटक्यात जाणार नाही का? फोटो केबलने कॉम्प्युटरवर काढून घ्यायचे आणि पुसायचं.

दुरुस्तीवाला · मंगळवार, रात्री ११.००

जाईल, आणि काही लोक तोच मार्ग जास्त खात्रीचा मानतात. फोटो हाताने काढून घेतले तर माझी त्याला हरकत नाही. पण वयस्कर माणसांच्या फोनवर दोन अडचणी हमखास येतात. बटणं धरून रिकव्हरीतून पुसलं की फोन आधीच्या गूगल खात्याचा पासवर्ड मागतो, आणि तो त्यांना आठवत नाही; मग फोन हातात असून उपयोगाचा राहत नाही. दुसरं, व्हॉट्सॲपचा बॅकअप परत आणला की ती पत्रिकाही त्या गप्पांमध्ये तशीच परत येऊ शकते आणि पुन्हा कोणीतरी त्यावर बोट ठेवतं.

कृष्णाकाठची · बुधवार, रात्री ८.३०

गेलं.

सेफ मोडमध्ये पान शांतपणे उघडलं आणि उघडंच राहिलं. परवानग्यांत एसएमएस, कॉन्टॅक्ट, फोन, सगळं होतं. प्ले स्टोअरचा उल्लेख नव्हता. `Uninstall` फिकं होतं. `Device admin apps` मध्ये खूण काढल्यावर बटण ठळक झालं आणि एका दाबात ॲप निघालं. व्हॉट्सॲपमधला मेसेज आणि डाउनलोडमधली फाईल दोन्ही पुसली. मग साधा मोड, प्ले स्टोअरमध्ये `Play Protect` बंद पडलेलं होतं ते चालू करून तपासणी केली, काही सापडलं नाही. बारा एसएमएस पाठवले. फोन चालू.

बँकेचे पिन आणि पासवर्ड अण्णा उद्या शाखेतच बदलून घेणार आहेत, या फोनवर नाही.

दोन गोष्टी मात्र डोक्यातून जात नाहीत. गुरुवार ते सोमवार जे मेसेज आले, ते सगळे त्या लोकांकडे गेले असतील का? आणि फाईल ज्याच्या नंबरवरून आली त्या आतेभावाने तीच पत्रिका उघडली होती. त्याच्या फोनमध्येही `Service Update` आहे, पण त्याचा फोन एकदाही कोसळलेला नाही. मग आमचाच का?

दुरुस्तीवाला · बुधवार, रात्री ९.१५

पहिल्याचं उत्तर, गेलेच असं धरून चाला. फोन कोसळायच्या आधी मेसेज पुढे गेला की नाही, हे आता कळायला मार्ग नाही. म्हणून पिन बदलणं टाळू नका.

दुसऱ्याचं नेमकं उत्तर माझ्याकडे नाही. ३ जीबीचा फोन, जुनं अँड्रॉइड, कदाचित त्या कंपनीने केलेला एखादा बदल. ॲपने काहीतरी मागितलं आणि सिस्टिम अडकून बसली, एवढाच अंदाज. कोसळतानाची नोंद हातात असती तर सांगता आलं असतं.

पण आतेभावाचा फोन कोसळत नाही, म्हणूनच मला त्याची जास्त काळजी वाटते. तुमच्या अण्णांच्या फोनने ओरडून सांगितलं. त्याचा फोन गप्प राहून मेसेज पाठवत असेल, आणि ती पत्रिका त्याच्या यादीतल्या सगळ्यांना गेली असेल. त्याला आजच सिम काढायला सांगा.

कृष्णाकाठची · बुधवार, रात्री ९.४०

आत्ताच फोन केला, सिम काढलं त्याने. बँकेत सकाळी जाईल. त्याचा फोन अँड्रॉइड १४ आहे. शनिवारी मी गावी जातेय, लॅपटॉप आणि केबल घेऊन. अण्णांचे फोटो तेव्हाच उतरवून घेईन. त्याच्या फोनमध्ये आणखी काही लपलेलं आहे का ते लॅपटॉपवरून दिसेल का?

दुरुस्तीवाला · बुधवार, रात्री १०.०५

दिसेल. फोनमध्ये `USB debugging` चालू करा, केबल लावा आणि हे चालवा:

```
adb shell pm list packages -3 -i
```

मागाहून टाकलेली सगळी ॲप्स आणि प्रत्येक कुठून आलं ते दिसेल. ज्याच्यापुढे `installer=com.android.vending` आहे ते प्ले स्टोअरवरचं. ज्याच्यापुढे `null` किंवा दुसरंच काही आहे, ते एकेक करून बघा. कंपनीच्या स्वतःच्या स्टोअरमधून आलेलीही त्यात असतील, म्हणून घाईने सगळी काढू नका; नावं इथे टाका, मिळून बघू. काम झालं की `USB debugging` आठवणीने बंद करा.

नाशिककर · बुधवार, रात्री १०.२०

मी आत्ता स्वतःच्या फोनवर चालवून बघितलं. तीन `null` निघाली. दोन माझीच आहेत, कामाच्या ठिकाणी दिलेली. तिसऱ्याचं नाव मला ओळखू येत नाही. पान नीट उघडतंय, `Uninstall` पण ठळक आहे, फोन कधी बंद पडलेला नाही. काढू का?

दुरुस्तीवाला · बुधवार, रात्री १०.३०

आधी परवानग्या बघा. एसएमएस आहे का त्यात?